शब्दचर्चा: ‘जुळे ट्रान्झिस्टर’ की ‘जुळवलेली जोडी’? आणि सीएमआरआरला मराठीत काय म्हणायचं?

कृष्णाकाठ (सांगली)
इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या नोट्स मराठीत करते आहे. डिफरन्शियल अॅम्प्लिफायरच्या प्रकरणात अडले. मॅच्ड पेअरला, म्हणजे सारख्या गुणांच्या दोन ट्रान्झिस्टरांना, मी ‘जुळे ट्रान्झिस्टर’ लिहिलं होतं. नोट्स तपासणाऱ्या सरांनी ते खोडून ‘जुळवलेली जोडी’ केलं आणि शेजारी लिहिलं, ‘जुळे वेगळे, जुळवलेले वेगळे’. पुढचं काही लिहिलं नाही. दुसरी अडचण सीएमआरआरची, म्हणजे कॉमन-मोड रिजेक्शन रेशोची. जुन्या एका टिपणात ‘सामायिक रीती नकार गुणोत्तर’ असं सापडलं. ते वाचून मुलांना काय कळणार? दोन्ही शब्द सुचवा, पण कारणासकट.

शब्दवेडा (सातारा)
‘नकार’ नको, फार दुबळा शब्द आहे. ‘अव्हेर’ घ्या. सामाईक अव्हेर गुणोत्तर. ‘सामायिक’ऐवजी ‘सामाईक’ लिहा, कारण सामायिक म्हटलं की मला जैनांची सामायिक साधना आठवते. सामाईक विहीर, सामाईक बांध हे आपल्याकडे सातबाऱ्यापासून भाऊबंदांच्या भांडणापर्यंत रोजचे शब्द आहेत. आणि अॅम्प्लिफायरला ‘वर्धक’ म्हणायला काय हरकत आहे? मराठीत शब्द असताना उसना कशाला?

वायरमन_विटा
अव्हेर वगैरे राहू दे, काम काय होतं ते बघा. विजेच्या लाइनची पन्नास हर्ट्झची घरघर काढून टाकतो तो अॅम्प्लिफायर. म्हणजे गाळतो. ‘गाळणी’ लिहा, पोरांना लगेच समजेल.

मिरजेचा_दुरुस्तीवाला
विट्याचे दादा, गाळणी लिहू नका, त्यातून चुकीचं शिकवलं जाईल. गाळणी फ्रिक्वेन्सी बघते. पन्नास हर्ट्झचा नॉच फिल्टर लावला तर इसीजीतलाही पन्नास हर्ट्झजवळचा भाग जातो आणि ठोक्याच्या उंच टोकाचा, क्यूआरएसचा, आकार बिघडू शकतो. डिफरन्शियल जोडीला पन्नास की पाचशे याच्याशी घेणंदेणं नाही. दोन्ही तारांवर जे सारखंच वरखाली होतं त्याला ती दाद देत नाही. दोन तारांत जो फरक आहे तो मोठा करते. पन्नास हर्ट्झ फक्त एकाच तारेत शिरला, तर तोही ती इमानेइतबारे मोठा करून दाखवील.

शब्दवेडा काका, ‘सामाईक’बद्दल माझं थोडं वेगळं आहे. सामाईक विहीर एकच असते आणि दोघे तिच्यावर हक्क सांगतात. इथे तारा दोन, व्होल्टेजही दोन. एका तारेवर ५ मिलिव्होल्ट आणि दुसरीवर ३ असतील, तर फरक २ चा आणि कॉमन-मोड म्हणजे दोन्हींची सरासरी, ४. हे ४ कुठल्याही एका तारेवर प्रत्यक्ष मोजता येत नाहीत. खरी सामाईक वस्तू सर्किटमध्ये दुसरीच आहे. दोन्ही इमिटर जोडून खाली जो एकच रेझिस्टर जातो, तो सामाईक. त्याला आम्ही दुकानात ‘शेपटी’ म्हणतो. इंग्रजीतही लाँग-टेल्ड पेअर म्हणतातच. ब्रिटिश इंजिनिअर ब्लमलाइन यांनी १९३६ मध्ये पेटंट अर्ज केला तो व्हॉल्व्हच्या जोडीसाठी. ट्रान्झिस्टर तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

कृष्णाकाठ (सांगली)
मग ‘नकार’ बरोबर की ‘अव्हेर’?

मिरजेचा_दुरुस्तीवाला
ताई, माझ्या मते खरी गोम ‘गुणोत्तर’ शब्दात आहे. कशाचं कशाशी, ते नावात कुठेच नाही. वाचणाऱ्याला वाटतं, आलेल्या गोंगाटापैकी किती नाकारला त्याचं हे माप. तसं नाही. फरकाला मिळणारा गेन भागिले सारखेपणाला मिळणारा गेन, असं ते आहे. एखादं सर्किट सारखेपणाला जसाच्या तसा पुढे पाठवतं, म्हणजे त्याचा गेन १, पण फरकाला १००० पट करतं. तरी सीएमआरआर ६० डेसिबल. नाकारलं तर काहीच नाही!

शब्दवेडा (सातारा)
‘भेद-साम्य गुणोत्तर’? आता कशाचं कशाशी हे नावातच आलं. दोन्ही शब्द आपले, आणि अव्हेर मागे घेतो.

वायरमन_विटा
परीक्षेच्या पेपरात सीएमआरआर असंच येणार. भेद-साम्य लिहून पोरगं नापास झालं तर जबाबदार कोण? उद्या नोकरीला गेल्यावर डेटाशीट वाचायची ती इंग्रजीतच. वर्धक म्हणा नाहीतर काही म्हणा, दुकानात जाऊन ‘वर्धक द्या’ म्हटलं तर मालक बघत राहील.

शब्दवेडा (सातारा)
दुकानदाराला शब्द माहीत नाही म्हणून तो शिकवायचाच नाही, हे मला कधीच पटणार नाही. ‘महापौर’ किंवा ‘दिनांक’ हेसुद्धा कुणीतरी घडवलेच ना? वापरले म्हणून रुळले.

तंबोरा_साउंड (मिरज)
मी कार्यक्रमांना साउंड लावतो. माझ्याकडे एका माइकच्या केबलवर कायम घूंऽऽ येतो. केबल बॅलन्स्ड आहे, तीन पिनांची. मिक्सरही चांगला आहे, सीएमआरआर भरपूर लिहिलाय. म्हणजे मिक्सरमधले ट्रान्झिस्टर जुळत नाहीत का? बदलून घेऊ का?

सर्किटवाली_सातारा
मूळ प्रश्न जोडीचा होता, त्यावर कुणीच बोललं नाही. मला सरांचं म्हणणं बरोबर वाटतं. जुळे म्हणजे एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर शेजारी शेजारी घडलेले. एलएम३९४ तसा होता, आता बनत नाही. एसएसएम२२१२ तसा आहे. जुळवलेले म्हणजे बीसी५४७ ट्रान्झिस्टरांचा ढीग घ्यायचा, मोजायचे आणि ज्यांची बीटा, म्हणजे करंट किती पट होतो तो आकडा, सारखी ते दोन निवडायचे. मल्टिमीटरवर ती एचएफई म्हणून दिसतेच.

मिरजेचा_दुरुस्तीवाला
सातारकर ताई, शब्दांचा भेद अगदी चोख सांगितलात. फक्त बीटा बघून जोडी लावू नका. बीटाचा परिणाम मुख्यतः बेसमध्ये शिरणाऱ्या करंटवर होतो. शेपटीचा करंट दोघांत किती-किती वाटला जाईल ते बेस-इमिटर व्होल्टेज ठरवतं, म्हणून जुळवायचं ते व्हीबीई.

एक साधं सर्किट घेऊन दाखवतो. सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्ट, शेपटीला १० किलोओहम, दोन्ही कलेक्टरना १० किलोओहम, आउटपुट दोन कलेक्टरांमध्ये. शेपटीतून साधारण १.१४ मिलिअँपिअर जातो, म्हणजे प्रत्येकाला ०.५७. फरकाचा गेन २२० च्या आसपास येतो. आता दोन्ही बेस मिळून १ व्होल्टने वर नेले, तर शेपटीतला करंट ०.१ मिलिअँपिअरने वाढतो. दोन्ही ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे असतील तर वाढ निम्मी-निम्मी वाटली जाते, दोन्ही कलेक्टर सारखेच खाली येतात आणि त्यांच्यात फरक पडत नाही.

पण व्हीबीईत ५ मिलिव्होल्टचा फरक असला तर एकाचा करंट दुसऱ्याच्या सव्वापटीला थोडा कमी, १.२१ पट होतो. वाढसुद्धा त्याच प्रमाणात वाटली जाते. मग त्या १ व्होल्टमागे आउटपुटवर ९७ मिलिव्होल्टचा खोटा फरक दिसतो. २२० ला ०.०९७ ने भागा, सुमारे २२७०, म्हणजे ६७ डेसिबल. फरक ०.५ मिलिव्होल्टवर आणला तर खोटा फरक दहापट कमी आणि सीएमआरआर ८७ डेसिबल. जोडी जुळवण्याचं कारण इतकंच, वीस डेसिबल. त्याहून बारीक जुळवायला गेलात तर कलेक्टरचे एक टक्क्याचे रेझिस्टर आडवे येतात. एक वरच्या टोकाला, दुसरा खालच्या टोकाला असला की दोघांत दोन टक्के तफावत, आणि तिच्यामुळे पुन्हा तेवढाच खोटा फरक उभा राहतो.

सर्किटवाली_सातारा
पण साधा मीटर ०.५ मिलिव्होल्ट दाखवतच नाही. २ व्होल्टच्या रेंजवर शेवटचा आकडाच १ मिलिव्होल्टचा असतो.

मिरजेचा_दुरुस्तीवाला
म्हणून एकेकट्याचं व्हीबीई मोजायचं नाही. दोन्ही ट्रान्झिस्टर एकदम लावा, प्रत्येकाचा बेस-कलेक्टर जोडून, १२ व्होल्टवरून २० किलोओहममधून, म्हणजे सर्किटमध्ये असेल तोच करंट मिळतो. मीटर दोन बेसांच्या मध्ये लावा, २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर. तिथे ०.१ दिसतो. मग ट्रान्झिस्टरांची अदलाबदल करा. आकडा तेवढाच राहून फक्त चिन्ह उलटलं, तर फरक ट्रान्झिस्टरांचा. तसं झालं नाही तर त्यातला काही भाग तुमच्या रेझिस्टरांचा आहे.

आणि बोट लावू नका, चिमट्याने धरा. व्हीबीई दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतं. एकाच ट्रान्झिस्टरला बोटाची ऊब लागली की पाव अंशातच तुमचा ०.५ मिलिव्होल्ट खलास. आकडा थांबेपर्यंत वाट बघायची. जोडी ठरली की सपाट बाजू एकमेकींना चिकटवून तांब्याच्या पट्टीत गुंडाळायची. इथे जुळे आणि जुळवलेले यांतला खरा भेद दिसतो. जुळे एकाच तुकड्यावर असल्याने एकदमच तापतात. जुळवलेल्यांना आपण शेजारी बसवलेलं असतं. पंख्याचा वारा एकावरच लागला तर त्यांची जुळणी सुटते.

शब्दवेडा (सातारा)
हे वाचून माझं मत झालं, दोन्ही शब्द हवेत. माझ्या आजोळी जुळ्यांना ‘जुंवळी’ म्हणत, मला त्यात संस्कृत ‘युगल’ ऐकू येतं. ‘जुळवणे’ मात्र वेगळ्या मुळाचं असावं.

सर्किटवाली_सातारा
पुरावा? मला दोन्ही एकाच घरचे वाटतात. शिवाय कंपन्याही वेगवेगळ्या तुकड्यांवरचे दोन ट्रान्झिस्टर निवडून एका डबीत घालून विकतात. त्यांना काय म्हणणार? जुळेही नाहीत आणि आपण जुळवलेलेही नाहीत.

तंबोरा_साउंड (मिरज)
माझ्या घूंऽऽचं कुणी सांगेल का?

मिरजेचा_दुरुस्तीवाला
दादा, मिक्सर उघडू नका. तीच केबल दुसऱ्या चॅनेलला लावून बघा. घूं केबलबरोबर गेला तर पिन २ किंवा ३ चं सोल्डर सुटलेलं असणार. एक तार तुटली की दुसऱ्या तारेवरचा सगळा गोंगाट फरक बनतो, मग आत कितीही जुळे ट्रान्झिस्टर असोत.

इसीजीतही हेच होतं. शरीरावर १ व्होल्टचा पन्नास हर्ट्झ आणि हृदयाचा सिग्नल साधारण १ मिलिव्होल्ट. १०० डेसिबलचं यंत्र असेल तर तो १ व्होल्ट इनपुटच्या हिशेबात १० मायक्रोव्होल्टवर येतो, ठीकच आहे. पण एक इलेक्ट्रोड कोरडा पडला, दोघांच्या रोधात १० किलोओहमचा फरक आला आणि यंत्राचा इनपुट रोध १० मेगाओहम असला, तर हजारातला एक भाग ट्रान्झिस्टरपर्यंत पोचायच्या आधीच फरक बनून जातो. हृदयाच्या सिग्नलएवढी घरघर, १ मिलिव्होल्ट. यंत्रावर १०० डेसिबल लिहिलेलं असतं आणि पेशंटवर ६० मिळतात. डॉक्टर यंत्र दुरुस्तीला पाठवतात, मी आधी जेल लावून बघतो.

वायरमन_विटा
मग नोट्समध्ये सीएमआरआर यंत्राचा लिहायचा की केबल-इलेक्ट्रोडसकट सगळ्याचा? नाव काहीही ठेवा, पण हे तरी ठरवा.

कृष्णाकाठ (सांगली)
जोडीसाठी दोन्ही शब्द ठेवते, जुळे आणि जुळवलेले. डबीतल्या जोडीला ‘निवडलेली जोडी’ लिहीन म्हणते. सीएमआरआर तूर्त सीएमआरआरच राहू दे. पण ‘भेद-साम्य’ मनात घोळतंय. काका, त्यातलं ‘साम्य’ म्हणजे सरासरी, हे मुलांना कसं सांगायचं?

शब्दवेडा (सातारा)
‘भेद-सरासरी गुणोत्तर’ म्हणा की.

सर्किटवाली_सातारा
ते गेनचं गुणोत्तर आहे काका, व्होल्टेजचं नाही.