मदत हवी आहे: बीपी मशीन एक, घरात पिढ्या तीन. आकडे कसे वाचायचे?

ऐरोलीची_सून

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात सासूबाई (वय ७४) रात्री बाथरूमला जायला उठल्या आणि दाराची चौकट धरून खालीच बसल्या. "डोळ्यापुढे अंधारी आली" म्हणाल्या. नशिबाने लागलं नाही. नवऱ्याने लगेच दंडाला बांधायचं बीपी मशीन मागवलं. ते रविवारी आलं आणि आमच्याकडे जत्रा भरली, सगळ्यांनी एकामागून एक हात पुढे केले. आकडे असे आले:

सासूबाई: १५६/६४, नाडी ५४
नवरा (४१): १३६/८८, नाडी ७४
मी (३७): ११८/७६, नाडी ८२
मुलगा (६): आधी स्क्रीनवर Er, मग ८४/४१, नाडी ११८

मुलाचं बीपी एवढं कमी आणि नाडी एवढी जास्त, हे ठीक आहे का? आणि सासूबाईंचं तर काहीच कळेना. वरचा आकडा जास्त, खालचा कमी, नाडी नातवाच्या निम्म्याहून कमी. त्यांना सकाळी टेल्मिसार्टन ४० आणि रात्री मेटोप्रोलॉल २५ चालू आहे. नवरा म्हणतो, नाडी एवढी कमी आहे तर रात्रीची गोळी बंद करू. डॉक्टरांची वेळ मिळाली आहे ती दहा दिवसांनंतरची.

तलावपाळीचे_आजोबा

सूनबाई, घाबरू नका. आमच्या वेळचे फॅमिली डॉक्टर सांगायचे, वरचं बीपी म्हणजे शंभर अधिक वय. म्हणजे तुमच्या सासूबाईंना १७४ पर्यंत मुभा आहे, १५६ म्हणजे उत्तमच. वयानुसार बीपी वाढतंच. मी स्वतः ७९, रोज तलावपाळीला चार फेऱ्या मारतो.

पाचला_पळणारा

नाडी ५४ म्हणजे भारी फिटनेस! माझी ४९ असते, घड्याळात दिसते. तीन वर्षं येऊरचा चढ पळतोय. काकू आधी काही खेळायच्या का?

ऐरोलीची_सून

@पाचला_पळणारा, काकू जिना उतरून भाजी आणतात, तेवढाच खेळ. :)

वॉर्डातली_ताई

मी २८ वर्षं नर्सिंग केलं, आता निवृत्त आहे. आधी गोळीचं बोलते. मेटोप्रोलॉल स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. ती गोळी ठोके धीमे करण्याचंच काम करते. एकदम थांबवली तर नाडी आणि बीपी दोन्ही उसळी मारतात, आणि ज्यांना हृदयाचं दुखणं आहे त्यांना ते महागात पडतं. ती गोळी घेणाऱ्याची नाडी ५४ असणं नवल नाही. पळणाऱ्या दादाची ४९ वेगळ्या कारणाने असते आणि काकूंची ५४ वेगळ्या, आकडे शेजारी असले तरी अर्थ एक नाही.

पण काकूंना अंधारी आली आहे. त्यामुळे दहा दिवस थांबू नका. आजच दवाखान्यात फोन करा आणि "नाडी ५४, रात्री उठताना तोल गेला" एवढं सांगा. ठोके ५० च्या खाली गेले, शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर फोनही नको, सरळ कॅज्युअल्टी.

आता सांगा, मोजलं कसं? बसल्या कशा होत्या, हात कुठे होता, चहा झाला होता का?

ऐरोलीची_सून

फोन केला. उद्या ईसीजी काढून आणा म्हणाले. मोजलं असं: सासूबाई पाटावर, हात मांडीवर, मशीन टीपॉयवर. चहा नुकताच झाला होता आणि त्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. मुलगा खालून पकडापकडी खेळून आला होता, माझ्या मांडीवर बसून हसत होता. पट्टा त्याच्या दंडावर जवळजवळ दोन वेढे बसला.

वॉर्डातली_ताई

म्हणजे रविवारचे आकडे जत्रेतलेच समजा.

हात मांडीवर असला की दंड हृदयाच्या खाली जातो. दर अडीच सेंटिमीटरला वरचा आकडा साधारण २ ने फुगतो. वर चहा, वर फोन. काकूंचे खरे आकडे १५६ पेक्षा बरेच कमी निघू शकतील. खुर्चीत पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, हात टेबलावर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवा. चहानंतर अर्धा तास जाऊ द्या, लघवी करून येऊ द्या. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस करा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा.

मुलाचा आकडा मात्र खोडूनच टाका. मोठ्यांचा पट्टा बारीक दंडावर बांधला की बीपी खोटं कमी दाखवतो, सैल गुंडाळला की खोटं जास्त. तुमच्याकडे दोन्ही झालं असणार, म्हणून ८४/४१ वरून काहीच ठरत नाही. पट्ट्यावर बघा, किती सेंटिमीटरच्या दंडासाठी आहे ते छापलेलं असतं.

ऐरोलीची_सून

पट्ट्यावर २२–३२ सेंमी आहे. शिवणाच्या टेपने मुलाचा दंड मोजला, खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्ये: साडेसतरा. मग छोटा पट्टा आणू का? आणि त्याचं नॉर्मल किती धरायचं, १२०/८०?

चष्मिश_आई

१२०/८० नाही! माझ्या मुलीच्या वेळी हाच गोंधळ झाला होता. शाळेच्या तपासणीत ११६/७४ लिहून आलं, मी म्हटलं छान, १२० च्या आत आहे. बालरोगतज्ज्ञांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. ती तेव्हा सात वर्षांची होती. परत तीनदा मोजलं, ठीक निघालं, शाळेतला पट्टाच लहान होता. पण आई म्हणून मी आठवडाभर झोपले नाही.

वॉर्डातली_ताई

चष्मिश_आई बरोबर सांगते आहे. मुलांचं बीपी वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे बघून ठरतं, म्हणून डॉक्टरांकडे त्याचा तक्ता असतो. चाळणीसाठी सहा वर्षांच्या मुलाला १०५/६६ च्या आसपासची रेघ धरतात. तिच्या वर गेलं म्हणजे आजार झाला असं नाही, नीट पुन्हा मोजायचं एवढाच अर्थ. तेरा वर्षांपासून मोठ्यांचेच आकडे लावतात. घरी छोटा पट्टा आणायची गरज मला वाटत नाही. वर्षातून एकदा तपासणीला नेता तेव्हा डॉक्टरांनाच मोजायला सांगा.

नाडीचं उलट आहे, ती मुलांची जास्तच असते. नवजात बाळाची शंभरच्या खूप वर, मग वर्षागणिक उतरत जाते. सहा वर्षांचं मूल जागं आणि शांत असताना साधारण ७५ ते ११८. तुमचा धावून आला होता, तरी ११८ म्हणजे शांतच म्हणायचा. ताप असताना मोजू नका, अंश वाढला की दहाएक ठोके वाढतात. बारा-चौदानंतर मोठ्यांचीच ६० ते १००, आणि म्हातारपणीही तीच चौकट राहते. बसल्या जागेची नाडी वयाने फारशी बदलत नाही. बदलतं ते बीपी.

ऐरोलीची_सून

कार्टून बघताना मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजली: ९६. झोपल्यावर ७८. जीव भांड्यात पडला.

पण सासूबाईंचा खालचा ६४ का? वरचा जास्त असेल तर खालचाही जास्त हवा ना?

वॉर्डातली_ताई

तरुणपणी मोठी धमनी रबरी पाइपसारखी असते. ठोका पडला की फुगते, थोडं रक्त पोटात धरते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये आक्रसून ते पुढे ढकलते. त्यामुळे वरचा आकडा फार चढत नाही आणि खालचा फार पडत नाही. वयाने तोच पाइप लोखंडी नळासारखा ताठ होतो. ठोक्याचा सगळा दणका वरच्या आकड्यात दिसतो आणि मधल्या वेळात दाब धरून ठेवायला कुणी नसतं. म्हणून खालचा आकडा पन्नाशी-साठीपर्यंत चढतो आणि मग उतरू लागतो, वरचा मात्र चढतच राहतो. दोन आकड्यांतली दरी रुंदावते.

आजोबा, वयानुसार वरचा वाढतो हे तुमचं खरंच आहे. पण वाढतो म्हणून तो चालतो असं नाही. साठीनंतर फक्त वरचा आकडा वाढलेल्या लोकांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिचा निकाल १९९१ मध्ये आला. औषधाने पक्षाघात कमी झाले. २००८ मध्ये ऐंशीच्या पुढच्यांवरही तसंच दिसलं. शंभर अधिक वय तेव्हाच निकालात निघालं.

तलावपाळीचे_आजोबा

असेल बुवा. पण आमच्या शेजाऱ्यांचं औषधाने एवढं खाली आणलं की ते संडासात पडले आणि खुबा मोडला. त्याचं काय?

वॉर्डातली_ताई

आजोबा, हा मुद्दा शंभर टक्के मान्य. ऐरोलीची_सून, हेच तुम्ही तपासा. काकूंना पाच मिनिटं बसवून मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला परत मोजा. शेजारी कुणीतरी उभं राहा. वरचा २० किंवा खालचा १० ने पडला तर तो कागद डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

ऐरोलीची_सून (आठ दिवसांनी)

ईसीजी झाला: ठोके ५६, लय नियमित. डॉक्टर म्हणाले गोळी चालू ठेवा, घरचे आकडे लिहून आणा.

सासूबाईंची बसून सरासरी १४१/६६, नाडी ५७. म्हणजे रविवारचे पंधरा पाटाचे आणि फोनचे. आता खरी गोष्ट: सकाळी उठल्यावर बसून १४४/६८, उभं राहून एका मिनिटाला ११८/६०. त्याच क्षणी त्या म्हणाल्या, "हेच, त्या रात्री असंच झालं होतं." तिसऱ्या मिनिटाला १२६. तीन सकाळी मोजलं, तिन्हीदा वीसच्या वर पडलं. वही घेऊन शनिवारी जातोय. तोवर त्या पलंगाच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसतात, मग उठतात.

चष्मिश_आई

मग आता गोळी कमी करणार का? बसून १४१ तर जास्तच आहे ना? माझ्या आईचे डॉक्टर १३० च्या खाली हवं म्हणतात.

वॉर्डातली_ताई

हे डॉक्टरांनाच ठरवू दे. काही १३० वर अडून बसतात, काही पडायची भीती असली की १४० च्या आसपास समाधान मानतात, आणि कधी गोळी कमी न करता वेळ किंवा प्रकार बदलतात. पाणी किती पितात तेही विचारतील. माझ्या वॉर्डात दोन कन्सल्टंटचं यावर कधी एकमत झालं नाही.

पण मला पहिल्या दिवसापासून एक वेगळाच आकडा खटकतोय. सगळे आजी आणि नातवाकडे बघताय. ४१ वर्षांच्या माणसाचं १३६/८८? घरच्या मशीनवर १३५/८५ ची रेघ धरतात, दवाखान्यातल्या १४०/९० इतकीच. त्यांचंही सात दिवस मोजलंत का?

ऐरोलीची_सून

मोजलं. सरासरी १३८/८९. तो म्हणतो मशीन खराब आहे.