ट्रेमधील दाणे मोजून अख्ख्या पोत्याचे वजन काढावे का?

धागाकर्ता: आमच्या शेतकरी गटाचा ३०० कट्टे हरभरा नागपुरात कळमन्याजवळच्या गोदामात आहे. प्रत्येक कट्ट्यातून परखीने काढलेला नमुना ट्रेमध्ये पसरून त्याचा फोटो घ्यायचा, दाणे मोजायचे आणि त्यावरून कट्ट्याचे वजन नोंदवायचे, असा एक प्रस्ताव आला आहे. काट्यावर चढवण्याची मजुरी वाचेल. हे मान्य करावे का?

आकडेप्रेमी: मान्य करावे, असे माझे मत आहे. शंभर दाणे एकदा तोलून घेतले की दाण्यांच्या संख्येवरून नमुन्याचे वजन निघते, आणि नमुना नेहमी एकाच वाटीने घेतला तर तो कट्ट्याचा कितवा भाग आहे हेही ठरलेलेच राहते. एखाद्या कट्ट्यात चूक झाली तरी ३०० कट्ट्यांच्या बेरजेत कमी-जास्त एकमेकांना छेदून जाते.

मापारी: मी तोलाईचेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. समजा फोटोत ६१२ दाणे मोजले गेले आणि शंभर दाणे २०.४ ग्रॅम भरले. म्हणजे नमुना सुमारे १२५ ग्रॅमचा झाला. तो ५० किलोचा चारशेवा भाग आहे असे धरल्यास ट्रेमधला प्रत्येक दाणा कट्ट्याच्या हिशेबात सुमारे ८२ ग्रॅमचा होतो. बारा दाणे दुसऱ्यांच्या आड दडून फोटोत आले नाहीत, तर जवळपास एक किलोची तूट कागदावर उभी राहते. शिवाय आड दडलेल्या दाण्यांमुळे संख्या नेहमी कमीच येते, कधी जास्त येत नाही. म्हणून आकडेप्रेमी म्हणतात तशी ही चूक बेरजेत छेदली जात नाही, उलट ३०० पटीने साठत जाते.

तरीही मोजणी ही लहान अडचण आहे. दाणे एकेरी थरात, एकमेकांना न चिकटता पसरले की ती सुटते. खरी अडचण त्या ‘चारशे’ या आकड्यात आहे, कारण तो फोटोत कोठेही नाही. कट्टा ५० किलोचा आहे असे गृहीत धरून चारशे काढायचे आणि मग त्याच चारशेने गुणून ५० किलो आले म्हणायचे, तर आपण काहीच मोजलेले नसते. अर्धा रिकामा कट्टा असला तरी त्याचा फोटो तसाच येईल.

आकडेप्रेमी: मोजणीचा मुद्दा मान्य. पण कट्ट्याचे आकारमान मोजता येईल ना? एका लिटरमध्ये किती हरभरा बसतो हे ठाऊक असले की झाले.

मापारी: तो प्रयोग आपण घरी करून पाहा. एक लिटरच्या मापात हरभरा हळूच ओता, वर पट्टी फिरवून सपाट करा, आणि मग माप ओट्यावर दहा-बारा वेळा आपटा. दाणे खाली बसतात आणि वरच्या रिकाम्या जागेत आणखी मूठभर हरभरा मावतो. ट्रकमधून आलेला, थप्पीत खाली दबलेला कट्टा आणि काल भरलेला कट्टा यांत हाच फरक असतो. फुगलेल्या कट्ट्याचे आकारमान टेपने अचूक कसे मोजणार, हा प्रश्न वेगळाच.

वर्धा रोडवरून: आमची सोयाबीन विकली तेव्हा फोटोवरूनच डाग आणि तुकडा धरून भाव पाडला गेला होता. त्यामुळे फोटोला माझा विरोधच आहे.

मापारी: आपले दुःख खरे आहे, पण तो प्रतवारीचा प्रश्न झाला, येथे वजनाचा चालला आहे. उलट डागी आणि फुटका दाणा शेकडा किती, हे सांगायला मोजणी उपयोगी पडते, कारण तेथे भाग आणि पूर्ण दोन्ही ट्रेमध्येच असतात. तिथेही परखी फक्त वरच्या तोंडाशी खुपसली तर तळाला गेलेली चुरी नमुन्यात येत नाही.

बियाणे विभागातून निवृत्त: ओलाव्याचाही विचार व्हावा. १४ टक्के ओलाव्याचा ५० किलो हरभरा १२ टक्क्यांवर वाळला की सुमारे ४८.९ किलो उरतो. दाणे तेवढेच राहतात, वजन मात्र किलोहून अधिक घटते. म्हणून शंभर दाण्यांचे वजन पेरणीच्या वेळचे किंवा माहितीपत्रकातले न घेता त्याच दिवशी, त्याच लॉटमधून घ्यावे लागेल. आणि छोटा काटा त्यासाठी आणलाच, तर सगळा नमुनाच तोलावा. दाणे मोजण्याचे कारणच उरत नाही.

आकडेप्रेमी: हा शेवटचा मुद्दा मला पटला. तरी व्यवहारासाठी नव्हे, तर गोदामात साधारण किती माल आहे एवढ्या अंदाजासाठी काहीतरी स्वस्त उपाय हवाच, असे मला अजूनही वाटते.

मापारी: त्यासाठी वीस-पंचवीस कट्टे तोलून सरासरी काढावी आणि कट्ट्यांच्या संख्येने गुणावे. रिकाम्या बारदान्याचे वजन वजा करायला विसरू नये. ज्यूटचा असेल तर प्रत्येकी अर्ध्या किलोहून अधिक जाते. विक्रीची पावती मात्र शिक्का मारलेल्या काट्यावरच व्हावी.

धागाकर्ता: रविवारी पंचवीस कट्टे तोलतो, आणि त्याच कट्ट्यांचे ट्रेचे फोटोही घेतो, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतील.

मापारी: कट्टे थप्पीच्या दर्शनी रांगेतून निवडू नका. आतले आणि तळाचे काढायला हमाल कुरकुर करतील, पण वेगळे वजन नेमके तेथेच सापडण्याची शक्यता आहे.