यूटीआर पाहून नोंद करा

"देणगीचा मेल आला की रजिस्टरला चढवतो, तरी महिन्याला एखादी पावती राहतेच," ही तक्रार वाचली.

आमच्या परभणीच्या ट्रस्टमध्येही श्रावणात असंच झालं. एकाच आडनावाच्या दोन भावांचे प्रत्येकी ५०१ रुपये एकाच दिवशी आले. दुसरा मेल दुबार समजून सोडला, धाकट्याची पावती राहिली. बँक स्टेटमेंटशी बेरीज लावली तेव्हा नेमका ५०१चा फरक निघाला. फार वाईट वाटलं हो.

तेव्हापासून नाव-रक्कम नाही, यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक, म्हणजे यूटीआर, जुळवतो. एक्सेलमध्ये तो रकाना आधी टेक्स्ट करून घ्या, नाहीतर आकडा 4.12E+11 असा दिसतो आणि सुरुवातीचा शून्य गळतो. पावती क्रमांक त्याच ओळीत लिहायचा. पावती क्रमांकाचा रकाना रिकामा दिसला की पावती बाकी. मेलला ‘नोंदला’ लेबल पावती क्रमांक लिहिल्यानंतरच.