पैसे कधी लागणार, हे आधी ठरवा
«माझ्याकडे 4 लाख रुपये साठले आहेत, कुठे गुंतवू?»

हे पैसे कधी लागणार, हे कळल्याशिवाय जागा सुचवणे मला धोक्याचे वाटते. समजा, निपाणीतल्या तुमच्या घराचा खर्च कर्जाच्या हप्त्यासह महिना 25 हजार आहे. तर सहा महिन्यांचे दीड लाख आधी बँकेत मुदत ठेवीच्या तीन पावत्या करून ठेवावेत, म्हणजे अडचणीत एकच मोडावी लागेल. दोन वर्षांनी मुलीच्या प्रवेशाला लागणारी रक्कमही ठेवीतच असावी, कारण शेअर बाजार नेमका तेव्हाच पडलेला असू शकतो. सात-आठ वर्षे लागणार नाही आणि मध्ये तिसरा हिस्सा घटलेला दिसूनही ज्याला हात लावणार नाही, तेवढेच इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात घालावे. आपल्याकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या सौहार्द सहकारी पतसंस्था अनेकदा व्याज जास्त देतात, पण बँकठेवीचे 5 लाखांपर्यंतचे विमासंरक्षण तिथे नसते.