कथेतला व्हॉल्वमन चोर की शहाणा?

रातकिडा: छोटी कथा लिहिलीये, थोडक्यात सांगतो. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, मे महिना, रात्रपाळीला सुदाम. टाकीत सहा लाख लिटर, तासाला अंदाजे दोन लाख जातं, म्हणजे तीन तासांचा खेळ. वरून ऑर्डर, दीड तास खालची पेठ, मग दीड तास टेकडी. सुदाम पेठेचा व्हॉल्व 20 मिनिटं आधीच आवळतो, ती टेकडीला देतो, आणि रजिस्टरला दोन्हीकडे दीड तासच लिहितो. शेवटी पेठेतली एक म्हातारी अर्धीच घागर घेऊन चेंबरपाशी येऊन उभी राहते. सुदामचं चुकलं का?

पेठेतली_पोर: चुकलंच! टेकडीवर त्याची सासुरवाडी असणार बघा. आमच्याकडे पण असंच, ज्याच्या घरी चहा पितो त्या गल्लीला पाणी जास्त. समान म्हणजे समान, घड्याळ लावा आणि सोडा, व्हॉल्वमनने डोकं चालवायचं कशाला.

आटेवाला: ताई, मी एकतीस वर्षं रात्री चावी फिरवली, आता रिटायर. घड्याळ समान लावलं की पाणी समान मिळतं हे ऑफिसात बसून वाटतं. बंद लाईनीत हवा असते, आधी नळ नुसते फुसफुसतात. पेठ टाकीच्या पायथ्याशी, तिथं दहा मिनिटांत धार लागते. टेकडीची लाईन भरायलाच चाळीस मिनिटं जातात. म्हणजे दीड तासात पेठेला 80 मिनिटं पाणी आणि टेकडीला 50. सुदामने वीस इकडची तिकडे केली तर 60 आणि 70 झालं. त्यात टेकडीला धार बारीक, म्हणून त्या 70 मिनिटांतही घागरी पेठेपेक्षा कमीच भरणार. मला तर तो चोर वाटत नाही.

सरळमार्गी: हे सगळं खरं असेल पण उपाय साधा आहे की, दोन्ही व्हॉल्व एकदम उघडायचे, पेठेचा चार आटे आणि टेकडीचा पूर्ण. खालचं पाणी अडतं, वर प्रेशर मिळतं, भांडणच नको.

आटेवाला: एखाद दिवस चालतं साहेब, आम्हीपण केलंय. पण हा व्हॉल्व पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद ठेवायचा असतो. अर्धवट ठेवला की आतली पाटी पाण्याच्या जोराने थरथरते, बसायची जागा झिजते, आणि वर्षा-दोन वर्षांत तो बंद करूनही गळतो. मग पेठेला रात्रभर पाणी झिरपतं आणि टाकी भरतच नाही. ओळखायचं कसं, तर बंद केल्यावर चावीचा दांडा कानाला लावायचा, आत सूं आवाज आला की समजायचं. तुमचं निम्मं बरोबर, पण त्यासाठी वेगळ्या जातीचा व्हॉल्व लागतो.

गच्चीवरून: थोडा वेगळा विषय, आमच्या बिल्डिंगला पहाटे तीनला पाणी येतं आणि शेजारचे थेट नळाला मोटर लावतात, आम्हाला थेंब नाही. तक्रार कुठे करायची? आणि परवा पाण्याला गटाराचा वास येत होता.

आटेवाला: आधी वासाचं बघा, ते पाणी पिऊ नका, आजच पाणीपुरवठ्याला कळवा. लाईनीत प्रेशर नसताना मोटर ओढत राहिली की फुटक्या जॉइंटमधून बाहेरची घाण आत येते. मोटरचीही तक्रार तिथेच.

पेठेतली_पोर: बरं मिनिटांचं पटलं, पण रजिस्टरला खोटं कशाला लिहिलं? ते माफ नाही.

आटेवाला: तिथं मी तुमच्या बाजूला. साहेब रजिस्टर बघून ठरवतात. त्यात दीड-दीड तास लिहिलं की टेकडीची लाईन भरायला किती वेळ लागतो हे कागदावर येतच नाही, वर्षानुवर्षं तीच ऑर्डर. आणि अजून एक, लेखकानेच घोळ केलाय. टाकी उतरत गेली की धार पण उतरते, शेवटच्या तासाला दोन लाख जात नाही. उंचावरच्यांना टाकी भरलेली असतानाच आधी सोडायचं, मग सुदामला मिनिटं चोरावी लागली नसती.

सरळमार्गी: मग सरळ आधी टेकडी, म्हातारीलाही पाणी, संपलं.

रातकिडा: संपलं कसं, मग कथाच संपली ना राव! पण क्रम ऑर्डरमध्ये आहे, सुदामच्या हातात नाही. टाकी उतरल्याचं मात्र माझ्या डोक्यातच नव्हतं, ते घालतो. आणि रजिस्टर... तो खरं लिहील तर उद्या नोटीस. लिहू देऊ का त्याला?

पेठेतली_पोर: लिहू दे. पण म्हातारी काय म्हणते ते पण लिहा, तिची घागर अजून अर्धीच आहे.