पाकिटावरचे चार वाडगे आणि आपल्या घरातले दोन

सोसायटी ग्रुप, विश्रामबाग, सांगली

स्मिता (ए-३०२): सासूबाईंच्या पायावर परत सूज आलीय. काल मिरजेला दाखवलं, बीपी १६० च्या पुढे. डॉक्टरांनी विचारलं, मीठ कमी केलंय ना? मी म्हटलं, भाजी-आमटीत निम्मं केलंय, लोणचं-पापड बंद. मग म्हणाले, रात्री काय घेतात? रात्री जेवण जड होतं म्हणून महिनाभर पाकिटाचं टोमॅटो सूप देतेय. त्यांनी सांगितलं, पाकीट वाचा. वाचलं, पण काही कळेना. मेघा, तू मसाल्याच्या कारखान्यात लॅबला होतीस ना? बघशील का?

मेघा (सी-१०४): बघते की वहिनी. फोटो नको, अक्षर बारीक असतं. तुम्हीच चार आकडे वाचून सांगा. पाकिटाचं वजन, पाणी किती घालायला सांगितलंय, किती जणांसाठी, आणि सोडियम. सोडियमसमोर १०० ग्रॅमचं लिहिलंय की १०० मिलीचं, तेही सांगा.

स्मिता (ए-३०२): वजन ५० ग्रॅम. पाणी ६०० मिली. सर्व्ह ४. सोडियम १०० ग्रॅमला ३२०० मिलिग्रॅम. शेजारी एका सर्व्हचं २० टक्के लिहिलंय. मी ते २० टक्केच बघत होते आणि वाटायचं, ठीक आहे.

मेघा (सी-१०४): तिथंच सगळे फसतात. ते २० टक्के कंपनीच्या वाडग्याचे आहेत, आपल्या नाही. १०० ग्रॅम पावडरीत ३२००, म्हणजे ५० ग्रॅमच्या पाकिटात १६००. त्याचे चार भाग केले की एकाला ४००. दिवसाची मर्यादा २००० धरतात, म्हणून २० टक्के. आकडा खोटा नाही. पण ६०० मिलीचे चार भाग म्हणजे १५० मिली, चहाच्या मोठ्या कपाएवढं. तुम्ही एका पाकिटाचं सूप किती जणांना वाढता?

स्मिता (ए-३०२): दोघांना. सासूबाई आणि सासरे. स्टीलचे मोठे वाडगे आहेत, पूर्ण भरतात.

मेघा (सी-१०४): मग सासूबाईंना रोज रात्री ८०० मिलिग्रॅम सोडियम जातंय. अडीचनं गुणलं की मीठ मिळतं, २००० मिलिग्रॅम म्हणजे २ ग्रॅम मीठ. दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं, त्यातलं २ एका सूपमध्ये. भाजीतलं मीठ तुम्ही कमी केलंत ते सूपच्या वाटेनं परत आलं. वरून मीठ किंवा बटर घालता का?

स्मिता (ए-३०२): बटर घालते थोडं. आणि त्यांना अळणी लागतं म्हणून चिमूटभर मीठ. 😔

मेघा (सी-१०४): वाईट वाटून घेऊ नका वहिनी. टोमॅटोचं आंबट आणि साखरेचं गोड यात पाकिटातलं मीठ जिभेला कळतच नाही. घटकांच्या यादीत साखर मिठाच्या आधी आहे का बघा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते.

स्मिता (ए-३०२): हो. साखर पहिली, मग कॉर्न स्टार्च, मग टोमॅटो पावडर, मग मीठ.

पाटील काका (बी-२०१): खरं विष अजिनोमोटो आहे. मी तर ज्यावर ‘नो अ‍ॅडेड एमएसजी’ लिहिलंय तेच आणतो. तेच आणा वहिनी.

मेघा (सी-१०४): काका, बीपीसाठी ते बघून उपयोग नाही. एमएसजी म्हणजे तुमचं अजिनोमोटो, मोनोसोडियम ग्लुटामेट, पाकिटावर ६२१ नंबर. त्यात सोडियम वजनाच्या १२ टक्के, मिठात ३९ टक्के. समजा अख्ख्या पाकिटात १ ग्रॅम ६२१ असेल, तर त्याचं सोडियम साधारण १२० मिलिग्रॅम. बाकीचे जवळपास १५०० मिठातूनच येतात. तुमच्याही पाकिटावर यीस्ट एक्स्ट्रॅक्ट किंवा हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन असेल, बघा.

पाटील काका (बी-२०१): हायड्रोलाइज्ड प्रोटीन आहे. आणि ६२७, ६३१.

मेघा (सी-१०४): त्या प्रोटीनमध्ये तोच ग्लुटामेट असतो, फक्त वेगळ्या नावानं. पिकलेल्या टोमॅटोतही तो नैसर्गिक असतो, म्हणून त्याला घाबरायचं कारण नाही. ६२७ आणि ६३१ ही जोडी ग्लुटामेटची चव कितीतरी पटीनं वाढवते, म्हणून अगदी चिमटीभर पुरते. तुमच्या पाकिटाचं सोडियम किती?

पाटील काका (बी-२०१): २६७. बघ, वहिनींच्या ३२०० पेक्षा किती कमी!

मेघा (सी-१०४): काका, २६७ कशाला? १०० ग्रॅमला की १०० मिलीला?

पाटील काका (बी-२०१): तयार सूपच्या १०० मिलीला, असं खाली बारीक लिहिलंय.

मेघा (सी-१०४): वहिनींचं १६०० सोडियम ६०० मिलीत विरघळतं. १०० मिलीला किती होतं? २६७. म्हणजे दोघांचं सूप तितकंच खारट आहे. एकानं कोरडी पावडर मोजली, दुसऱ्यानं पाणी घातलेलं सूप. दोन पाकिटांची तुलना करायची तर दोन्हींचं अख्ख्या पाकिटातलं सोडियम काढायचं आणि तुम्ही ते जितक्यांत वाढता त्यानं भागायचं.

पाटील काका (बी-२०१): अरे देवा. मी वर्षभर हेच बघून आणतोय.

अमोल (बी-४०३): ६३१ मासळीपासून करतात म्हणे. आमच्याकडे शाकाहार आहे.

मेघा (सी-१०४): मांस-मासळीपासूनही होतं आणि आंबवूनही. नंबरवरून कळत नाही, हिरवा ठिपका बघायचा.

स्मिता (ए-३०२): आणि ते दाट होतं म्हणून मला वाटायचं टोमॅटो भरपूर आहे. सासऱ्यांना शुगर आहे, त्यांना चालेल का?

मेघा (सी-१०४): दाटपणा कॉर्न स्टार्चचा आहे. घरी करून बघा. थोडं सूप वाटीत काढून त्यात तोंडातला चमचा दोन-चारदा बुडवा आणि पाच मिनिटं ठेवा. लाळेनं स्टार्च फुटतो आणि सूप पाण्यासारखं होतं, पेजेचं होतं तसंच. ४१२ किंवा ४१५ घातलेलं असेल तर दाटपणा बराच टिकतो. ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक, ४१५ झँथन. हे दोन्ही लागतात अगदी थोडे आणि साखर वाढवत नाहीत. स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन आणि साखर मात्र वाढवतात. कार्बोहायड्रेट किती लिहिलंय?

स्मिता (ए-३०२): १०० ग्रॅमला ७६.

मेघा (सी-१०४): पाकिटात ३८, एका वाडग्यात १९ ग्रॅम. एका चपातीच्या आसपास. सासऱ्यांना सूप दिलं की तेवढी एक चपाती कमी धरा.

स्मिता (ए-३०२): सासूबाईंना गरम काहीतरी लागतंच. मग काय देऊ?

मेघा (सी-१०४): चार टोमॅटो आणि दोन चमचे मूगडाळ कुकरला लावा, घोटून गाळा. डाळीनं दाट येतं, स्टार्च लागत नाही. जिरं, मिरी, आलं घाला. मीठ दोघांत मिळून पाव चमच्याच्याही आत, तेही शेवटी घाला. वर घातलेलं जिभेला लगेच लागतं. पाकिटाचीच चव हवी असेल तर चतुर्थांश पाकीट यात ढवळा, त्या दिवशी वेगळं मीठ नको. पाकिटातलं ४०० सोडियम दोघांत जाईल, म्हणजे एकाला २००. बटर बिनमिठाचं घ्या.

अमोल (बी-४०३): लो सोडियम मीठ मिळतं की आता. ते घाला ना वहिनी.

मेघा (सी-१०४): अमोल, ते सगळ्यांना चालत नाही. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होतो. वहिनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका.

स्मिता (ए-३०२): नाही घालत. शुक्रवारी परत बोलावलंय, तेव्हा विचारते. घरात अजून पाच पाकिटं आहेत. आज एकाचे चार भाग करून डब्यांत भरून ठेवते.

मेघा (सी-१०४): वजनकाटा नसेल तर माझा न्या. चमच्यानं भाग करण्याआधी पावडर नीट हलवा, मीठ तळाशी बसलेलं असतं.