मदत हवी आहे: पेरूच्या वासापाशी कथा अडली आहे

शब्दवेडी
नमस्कार मंडळी. कथा शनिवारी द्यायची आहे आणि मी ऐन मध्यावर अडकलेय. इंदूरचा रामबागेतला जुना वाडा, आजी आणि नात. आजी नातीला पेरू पिकलाय की नाही ते वासावरून ओळखायला शिकवते. पण 'गोड वास दरवळला' याच्यापुढे गाडी जातच नाही. आजी नेमकं काय शिकवेल? जरा लवकर सांगा.

पोहेजलेबी
यात शिकवायचं काय? पिवळा झाला की पिकला. चार फोडी करा, वरून जीरावन भुरभुरवा, संपली कथा.

बागवाला_देवास
ताई, जाम म्हणजे आपला पेरू, तो झाडावरचा की मंडईतला? महिना कोणता? नात केवढी?
आणि पोहेजलेबी, नुसत्या रंगावर जाऊ नका. पिशवी बांधून वाढवलेलं फळ कच्चं असतानाच फिकं दिसतं, आणि पानांआडचं हिरवट राहूनही आत पिकलेलं निघतं.

शब्दवेडी
झाडावरचाच हो, वाडा म्हटल्यावर अंगणात झाड असणारच ना! नात सात वर्षांची. महिन्याने काय फरक पडतो?

बागवाला_देवास
महिन्याचं नंतर सांगतो, आधी वासाचं. आमची आई वास अंतरावर मोजायची. कच्चा जाम नाकाला टेकवला तरच वास येतो, तोही चुरगाळलेल्या पानासारखा हिरवा. पाडाला आला की नाकापासून वीतभर धरला तरी गोडसर वास लागतो. पूर्ण पिकलेला हात लांब करून धरला तरी कळतो. त्यापुढे गेलेला खोलीत शिरताच कळतो, पण त्या वासात आंबूसपणा असतो, ताडीच्या वळणाचा. तुमच्या आजीला एवढं पुरे. नातीचा हात धरून फळ हळूहळू लांब न्यायचं आणि वास कुठे तुटतो ते विचारायचं.
टोपलीत मात्र नाक घालू द्यायचं नाही. एक पिकलेलं फळ सगळ्या टोपलीला वास लावतं. एकेक उचलून बाजूला नेऊन हुंगायचं. चार-पाच झाले की नाक बसतं, मग सगळेच सारखे लागतात. तेव्हा अंगणात चक्कर मारून यायचं.

मैथिली_ग्वाल्हेर
छान सांगितलंत, पण हुंगायचं देठाकडूनच बरं का. बुडाला वास नसतो.

पोहेजलेबी
आमच्याकडे सगळे बुडाकडूनच हुंगतात.

मैथिली_ग्वाल्हेर
मग कच्चेच खात असाल.

बागवाला_देवास
जामाच्या सालीलाच वास असतो, सगळीकडून येतो. मी देठाकडून हुंगतो, पण ती सवय.

हिरवी_गच्ची
माझ्या कुंडीतल्या पेरूची फळं सुपारीएवढी झाली की गळतात. शेणखत घातलं, ताकही घातलं. काय करू?

बागवाला_देवास
कुंडी केवढी? पाणी रोज देता की आठवण आली की? वेगळा धागा काढा, इथे ताईंची कथा बुडेल.

शब्दवेडी
अंतराची कल्पना भन्नाट! लगेच लिहायला घेते. राखीला आजोळी आलेली नात, पावसाने धुतलेलं झाड, आजी फांदी वाकवते...

बागवाला_देवास
थांबा, म्हणूनच महिना विचारत होतो. राखी म्हणजे पावसाळी बहर. ही फळं पचपचीत लागतात, आणि त्यांवर फळमाशी असते. फळ पिकू लागलं की माशी सालीखाली अंडी घालते. बाहेरून टाचणीने टोचल्यासारखा ठिपका, एवढीच खूण. वास चांगला, हाताला फळ बरोबर, आणि कापलं की पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. अळी आहे हे वासाला सुरुवातीला कळत नाही. आंबूस येऊ लागतो तोवर आतला गर पाणी झालेला असतो. गोडीचा जाम मृग बहराचा. त्याला फुलं पावसाळ्याच्या तोंडाशी लागतात आणि फळ थंडीत हाती येतं.

मैथिली_ग्वाल्हेर
मग संक्रांत करा. सोपं आहे.

शब्दवेडी
संक्रांत कशी करू? मामाच्या हाताला आईने बांधलेली राखी अंगणात सुटून पडते, त्यावर पुढचा सगळा भाग उभा आहे!

पोहेजलेबी
राहू द्या हो राखी. कथेत अळ्या कोण मोजतंय?

बागवाला_देवास
ज्याने पावसाळी जाम खाल्लाय तो मोजेल. ताई, उलट आजीला ते माहीत असू द्या. नात वास घेऊन छाती फुगवून सांगते, 'पिकला!' आजी म्हणते, 'पिकला खरा. आता ठिपका शोध.' मग दोघी फळ उजेडात फिरवतात, ठिपक्याभोवती बोटाने दाबतात. तिथे मऊ आणि पाणचट लागलं तर फळ गेलं. आणि ते झाडाखाली टाकू देऊ नका. त्यातली अळी मातीत उतरून कोष करते आणि माशी होऊन परत झाडावर येते.

शब्दवेडी
म्हणजे मी शिकवतेय वास आणि निकाल लावणार बोट? शीर्षक 'नाक' ठेवलंय हो मी.

मैथिली_ग्वाल्हेर
शीर्षक बदला. आणि आजी 'ठिपका शोध' म्हणेल की 'डाग बघ गं'? इंदूरची आजी ना, मधेच हिंदीत बोलेल.

हिरवी_गच्ची
कुंडी बारा इंची आहे. पाणी रोज.